चाळीस खुर्च्या, लाखाचा नफा आणि मधला श्रावण

प्रश्न: नाशकात पाथर्डी फाट्याजवळ माझं ४० खुर्च्यांचं चिकन-मटण थाळीचं हॉटेल आहे. सोमवारी बंद असतं. चांगल्या महिन्यात जीएसटी सोडून साडेसहा लाखांच्या आसपास धंदा होतो आणि लाखभर रुपये हातात राहतात. आता जागामालक भाडं ६५ हजारांवरून ७५ हजार करतोय. मला घरखर्च भागून वर महिन्याला एक लाख नफा हवा आहे. त्यासाठी किती धंदा करावा लागेल? आणि धंदा किती पडला तरी तोटा होणार नाही? ऑनलाइन ऑर्डर वाढवू का? खर्चाचा तक्ता सोबत जोडला आहे.

उत्तर:

तुमचा तक्ता नीट वाचला. त्यात तुमचा स्वतःचा पगार कुठेच नाही. सकाळी मटण आणण्यापासून रात्री गल्ला मोजेपर्यंत तुम्ही तिथे असता. उद्या तुमच्या जागी मॅनेजर ठेवला तर तो फुकट येणार नाही. म्हणून मी ३५ हजार रुपये तुमचा पगार म्हणून खर्चात धरले आहेत. हा पगार म्हणजेच तुमचा घरखर्च आणि एक लाख त्याच्या वर, असं पुढे गृहीत धरतो. फ्रीज, शेगड्या, फर्निचर यांची झीज म्हणून महिन्याला १० हजारही धरले आहेत.

धंदा झाला काय, न झाला काय, द्यावे लागणारे पैसे आधी बघू. भाडं ६५ हजार, पाच-सहा माणसांचे पगार ९२ हजार, वीजबिल १६ हजार, कामगारांचं जेवण आणि खोली १४ हजार, दुरुस्ती-पाणी-हिशेबनीस वगैरे किरकोळ ११ हजार, झीज १० हजार आणि तुमचा पगार ३५ हजार. एकूण २ लाख ४३ हजार. हा स्थिर खर्च. नवीन भाड्याने तो २ लाख ५३ हजार होईल.

आता ताटाकडे या. हॉटेलात बसून जेवणाऱ्या माणसाचं सरासरी बिल जीएसटी सोडून २६० रुपये आहे. त्यातले १०४ रुपये मालाचे, ८ गॅसचे आणि ५ रुपये टिश्यू, बडीशेप, साबण, कार्डाचे चार्जेस यांचे. म्हणजे ११७ जातात आणि १४३ उरतात. हे १४३ अजून नफा नाहीत. आधी ते स्थिर खर्च भरतात आणि तो भरून झाल्यावर जे येतात तो नफा. यालाच कॉन्ट्रिब्युशन म्हणतात आणि पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर चालतो.

ऑनलाइनचं ताट वेगळं आहे. तिथे तुम्ही २८० रुपये लावता. पण तुमच्या स्टेटमेंटप्रमाणे कमिशन, जाहिरात आणि तुमच्या वाट्याची सूट मिळून ८४ रुपये कापले जातात. कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो. तुम्ही पाच टक्क्यांच्या योजनेत असल्यामुळे त्याची वजावट मिळत नाही, म्हणून तोही खर्चच आहे आणि तो या ८४ मध्ये धरला आहे. वर डबे-पिशव्यांचे १६, माल १०४, गॅस ८. एकूण २१२ गेले, ६८ उरले. ग्राहकाने वीस रुपये जास्त मोजले आणि तुमच्या हातात निम्म्यापेक्षाही कमी आलं.

चांगल्या महिन्यात तुमची १,९०० ताटं हॉटेलात आणि ५५० ऑनलाइन जातात. विक्री ६ लाख ४८ हजार. कॉन्ट्रिब्युशन हॉटेलातून २,७१,७०० आणि ऑनलाइनमधून ३७,४००, मिळून ३,०९,१००. म्हणजे विक्रीच्या प्रत्येक शंभर रुपयांत ४७ रुपये ७० पैसे उरतात. जुन्या भाड्याने नफा ६६,१००. तुमचा पगार त्यात मिळवला की तुम्ही म्हणता ते लाखभर होतात. तुमचा आकडा चुकीचा नाही, पण त्यातले ३५ हजार तुमच्या कष्टाची मजुरी आहे.

नवीन भाड्याने ना नफा ना तोटा कुठे होतो ते बघू.

```
ब्रेक-इव्हन विक्री = स्थिर खर्च ÷ कॉन्ट्रिब्युशनचं प्रमाण
                  = २,५३,००० ÷ ०.४७७
                  = सुमारे ५,३०,४००
```

विक्री ६,४८,००० आणि ब्रेक-इव्हन ५,३०,४००. मधलं अंतर १,१७,६०० रुपये, म्हणजे विक्रीच्या १८.१ टक्के. हीच मार्जिन ऑफ सेफ्टी. जुन्या भाड्याला ती २१.४ टक्के होती. झटपट काढायची असेल तर महिन्याच्या नफ्याला कॉन्ट्रिब्युशनने भागा, तोच आकडा येतो: ५६,१०० भागिले ३,०९,१००. काउंटरवर बसून टक्केवारी कोणी बघत नाही, म्हणून ताटांत सांगतो. सध्या रोज सरासरी ७३ माणसं बसून जेवतात आणि २१ ऑर्डर ऑनलाइन जातात. हे आकडे साठ आणि सतरावर आले की तुमचा नफा शून्य. भाड्यात वाढलेले दहा हजार भरायला महिन्याला ७० ताटं जास्त विकावी लागतील आणि त्या ७० ताटांतून तुमच्या खिशात काही येणार नाही.

हा १८ टक्क्यांचा आकडा मात्र चांगल्या महिन्याचा आहे. नाशकात मटण-चिकन विकणाऱ्याने फक्त त्यावर भाडेकरार करू नये, कारण वर्षात श्रावण येतो. तुम्ही दिलेल्या गेल्या श्रावणाच्या नोंदीत हॉटेलातली ताटं १,१५० आणि ऑनलाइन ३३० आहेत. त्या महिन्याचं कॉन्ट्रिब्युशन १,८६,८९० होतं. स्थिर खर्च २,५३,००० धरला तर तोटा ६६,११०. आषाढ अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात गटारीची गर्दी बघून हा तोटा भरून निघाल्यासारखा वाटतो, पण तुमच्या नोंदीत ती वाढ पाच-सहा दिवसांची आहे आणि तेव्हा चिकनचा भावही चढलेला असतो.

पुढे पितृपक्ष आणि नवरात्र असतं. श्रावण धरून हा सगळा काळ दोन मंद महिन्यांइतका मोजला तर वर्षाचं चित्र असं दिसतं. दहा चांगल्या महिन्यांचं कॉन्ट्रिब्युशन ३०,९१,००० आणि दोन मंद महिन्यांचं ३,७३,७८०, मिळून ३४,६४,७८०. वर्षाचा स्थिर खर्च ३०,३६,०००. नफा ४,२८,७८०, म्हणजे महिन्याला ३५,७००. वर्षाची मार्जिन ऑफ सेफ्टी १२.४ टक्के. कागदावर १८ दिसत होती, खरी साडेबारा आहे. आणि २०२३ सारखं वर्ष आलं तर तीही राहणार नाही. त्या वर्षी १८ जुलैला अधिक श्रावण लागला, मग निज श्रावण, तो सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. ज्या घरांनी अधिक महिनाही पाळला त्यांच्यासाठी श्रावणच दोन महिने चालला आणि पितृपक्ष, नवरात्र त्यानंतर होतंच.

सिंहस्थाच्या गर्दीवर आकडे बांधू नका, हेही सांगून ठेवतो. त्र्यंबकला आणि रामकुंडावर येणारा भाविक मटण खायला येत नाही. पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद असले तर तुमचा नेहमीचा ग्राहकही पोचत नाही.

आता लाखाचं बघू. सूत्र तेच, फक्त स्थिर खर्चात हवा असलेला नफा मिळवायचा. २,५३,००० अधिक १,००,००० म्हणजे ३,५३,००० कॉन्ट्रिब्युशन हवं. ०.४७७ ने भागलं तर ७,४०,००० विक्री येते. बहुतेक जण इथेच थांबतात आणि ‘विक्री ९२ हजारांनी वाढवायची’ असं ठरवून मोकळे होतात. पण हे ०.४७७ आजच्या मिश्रणाचं प्रमाण आहे. ते तसंच राहील याची खात्री कोणी दिली?

कॉन्ट्रिब्युशनमध्ये आज ४३,९०० रुपये कमी पडतात. ते सगळे हॉटेलात बसणाऱ्यांकडून आले तर ३०७ ताटं जास्त लागतील आणि विक्री ७ लाख २८ हजार होईल. सगळे ऑनलाइनमधून आणायचे तर ६४६ ऑर्डर जास्त लागतील आणि विक्री ८ लाख २९ हजारांवर न्यावी लागेल. नफा दोन्हीकडे तेवढाच. पण दुसऱ्या वाटेने स्वयंपाकघरावर दुपटीहून जास्त ताटांचा बोजा येतो आणि लाखभराची विक्री जास्त करावी लागते. महिन्याला साडेसहाशे पार्सलं जास्त बांधायला एक माणूस ठेवलात, त्याला १३ हजार दिले, तर त्याचा पगार निघायलाच १९१ ऑर्डर आणखी हव्यात. म्हणून ऑनलाइन बंद करू नका, पण वाढीसाठी तिच्यावर पैसे लावू नका. रिकाम्या वेळी आलेल्या ऑर्डरचे ६८ रुपये चांगले आहेत. रविवारी रात्री बाहेर लोक थांबलेले असताना ऑनलाइनमुळे टेबलावरचं ताट उशिरा जात असेल, तर ६८ साठी १४३ घालवताय. त्या दोन तासांत ॲपवर दुकान बंद ठेवा.

३०७ ताटं म्हणजे दिवसाला बारा. ऐकायला सोपं वाटतं. पण तुमचे वारांचे आकडे बघा. रविवारी १४५ माणसं जेवतात, बुधवारी आणि शुक्रवारी ८५ ते ९०. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी ३० ते ५०. रविवारी रात्री खुर्चीच शिल्लक नसते, तिथे बारा माणसं वाढवायला जागा नाही. जागा रिकामी आहे ती ज्या वारी लोक सामिष खात नाहीत त्या वारी. तिथे जाहिरात करून चिकन थाळी खपणार नाही, कारण अडचण दराची नाही, वाराची आहे.

म्हणून माझं मत असं की तुमची वाढ शाकाहारी थाळीतून यायला हवी. पिठलं-भाकरी, शेवभाजी, भरीत, ठेचा, भात. दर १८० ठेवला, माल ५८, गॅस ८ आणि इतर ५ धरले तर १०९ रुपये उरतात. टक्केवारीत ही थाळी चिकनच्या पुढे जाते, साठ टक्क्यांच्या वर. पण टक्केवारीला भुलू नका. रविवारी भरलेल्या खुर्चीवर १०९ वाल्यापेक्षा १४३ वाला हवा, म्हणून रविवारी ही थाळी पाटीवर लिहू नका. गुरुवारी ती खुर्ची रिकामीच राहणार होती, तिथे १०९ पूर्ण कमाई आहे. एक धोका मात्र आहे. चिकन खायला आलेला माणूस स्वस्त म्हणून शाकाहारी थाळी मागू लागला तर दर ताटामागे ३४ रुपये कमी होतात. बुधवारी आणि शुक्रवारी किती शाकाहारी थाळ्या गेल्या यावर महिनाभर लक्ष ठेवा. त्या वाढल्या आणि त्या दिवसांची एकूण माणसं तेवढीच राहिली, तर हेच होतंय असं समजा.

मंगळवार-गुरुवार-शनिवार मिळून महिन्याला साधारण तेरा दिवस होतात. रोज १५ थाळ्या गेल्या तर १९५ थाळ्यांचे २१,२५५ रुपये. त्यासाठी नवीन वेटर ठेवायचा नाही, हे गृहीत आहे. ठेवलात तर त्यातल्या ११९ थाळ्या त्याच्या पगारातच संपतील.

दुसरी वाट दराची. हॉटेलातलं सरासरी बिल दहा रुपयांनी वाढवलं तर ताटामागे १५३ उरतील. किती ग्राहक गेले तरी चालेल? २,७१,७०० ला १५३ ने भागा, १,७७६ येतात. म्हणजे १,९०० पैकी सव्वाशेच्या आसपास माणसं गेली तरच तुम्ही आहात तिथेच राहाल. मला वाटतं पन्नासच्या वर जाणार नाहीत, कारण दहा रुपयांसाठी कोणी काळ्या मसाल्याच्या रश्श्याची चव बदलत नाही. पन्नास गेले तरी ११,३५० जास्त मिळतात. दोन्ही मिळून ३२,६०५ झाले. उरलेल्या ११,२९५ साठी १५३ च्या हिशेबाने ७४ ताटं, म्हणजे दिवसाला तीन. ही ताटं बुधवारी आणि शुक्रवारी आणता येतील, म्हणजे त्या वारी आठ-नऊ माणसं जास्त. अंबडच्या कारखान्यांमधले लोक दुपारी येतात, त्यांना जेवण वीस मिनिटांत मिळालं तर तेच ती भर घालतील.

यातून चांगल्या महिन्यात लाख निघतील. वर्षाची सरासरी लाख मात्र यंदा निघणार नाही, ते स्पष्ट सांगतो. मंद महिने जसे आहेत तसे ठेवून सरासरी लाख आणायची तर चांगल्या महिन्यांत ४३,९०० ऐवजी ७७ हजार जास्त काढावे लागतील, आणि चाळीस खुर्च्यांत, त्याच माणसांत ते मला दिसत नाही. त्यापेक्षा मंद महिन्यांचा खड्डा बुजवणं स्वस्त आहे. ६६,११० ला १०९ ने भागा. महिन्याला ६०७ थाळ्या, दिवसाला २३ ते २४. श्रावणात एवढ्या शाकाहारी थाळ्या गेल्या की तोटा शून्य. पण श्रावण पाळणारा माणूस मटणाच्या पातेल्याशेजारी शिजलेलं पिठलं खात नाही. वेगळा तवा, वेगळी पातेली, वेगळी शेगडी हवी आणि ती ग्राहकाला दिसली पाहिजे. कांदा-लसूण नसलेला एक पर्यायही हवा. हे जमणार नसेल तर चांगल्या दहा महिन्यांत दरमहा १३,२०० वेगळ्या खात्यात टाका, म्हणजे दोन मंद महिन्यांचे १ लाख ३२ हजार जमतील.

शेवटी एक शंका, जिच्यामुळे वरचं सगळं गणित कोसळू शकतं. मालाचे १०४ रुपये तुम्ही कुठून आणले? तक्त्यात ते पाककृतीवरून काढलेले दिसतात. २,४५० ताटांना या हिशेबाने २,५४,८०० चा माल लागायला हवा. प्रत्यक्षात किती लागला ते असं काढा. महिन्याच्या पहिल्या तारखेचा शिल्लक माल, अधिक महिनाभराची खरेदी, वजा शेवटच्या तारखेचा शिल्लक माल, वजा कामगारांच्या जेवणात गेलेला माल. फ्रीजमधलं मटण वजन करून मोजा, अंदाजाने नाही. येणारा आकडा २,८५,००० असेल, तर तीस हजार रुपये वाया जाताहेत आणि तुमचा निम्म्याहून जास्त नफा त्यात गेला. कारणं बहुतेक साधी असतात. वाढणारा माणूस दोनशे ग्रॅमऐवजी अडीचशे ग्रॅमची वाटी भरतो, रात्री उरलेला रस्सा टाकून दिला जातो, किंवा खाटीक हाडाचं प्रमाण वाढवतो. आठवडाभर रोज एक वाटी काट्यावर ठेवून बघा, पहिलं कारण लगेच कळेल.

भावांचंही तसंच. लासलगाव जवळ असल्यामुळे आपल्याकडे कांद्याच्या भावाची चर्चा जास्त होते, पण ताटामागे शंभर ग्रॅम कांदा धरला तर किलोला तीस रुपये वाढले तरी तीनच रुपये जातात. चिकन किलोला चाळीस रुपयांनी वाढलं तर दोनशे ग्रॅमच्या ताटामागे आठ रुपये जातात. सगळी २,४५० ताटं चिकनची धरली तर ते १९,६०० होतात आणि चांगल्या महिन्याची मार्जिन ऑफ सेफ्टी १८ वरून साडेबारावर येते. म्हणून दर वाढवायचा तर चिकन महाग झाल्यावर नको, दिवाळीच्या सुमारास, गर्दी असताना वाढवा.

जागामालकाशी बोलताना पूर्ण नकार देऊ नका. दहा हजारांची वाढ दोन वर्षांत पाच-पाच करून मागा आणि पहिली वाढ दसऱ्यानंतर लागू करा, म्हणजे यंदाच्या श्रावणावर ती पडणार नाही. तो अडून बसला तर अनामत रक्कम वाढवून भाडं कमी ठेवायला तयार आहे का ते विचारा. पण ते पैसे कर्ज काढून द्यावे लागणार असतील, तर महिन्याचं व्याज वाचणाऱ्या भाड्यापेक्षा कमी येतंय ना, हे आधी बघा.